सोड्याच्या पाण्याची मर्यादा

मेथी मिठाच्या पाण्यात, द्राक्षे व्हिनेगरमध्ये आणि सफरचंदे खाण्याच्या सोड्यात बुडवून ठेवणे आता अनेक घरांत नेमाचे झाले आहे. यातून कीटकनाशक खरेच किती जाते?

याचे चांगले उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या २०१७ मधील प्रयोगात मिळते. संशोधकांनी सफरचंदांवर दोन औषधे लावली: थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक आणि फॉस्मेट हे कीटकनाशक. चोवीस तासांनी फळे एक टक्का सोड्याच्या पाण्यात, म्हणजे लिटरला दहा ग्रॅम किंवा साधारण दोन चहाचे चमचे, ठेवली. थायाबेंडाझोल सालीवरून निघायला १२ मिनिटे लागली आणि फॉस्मेटला १५. साध्या पाण्यापेक्षा सोडा सरस ठरला. पण थायाबेंडाझोलचा सुमारे २० टक्के भाग तोवर सालीत ०.०८ मिलिमीटरपर्यंत शिरला होता. त्याला सोडा पोहोचू शकला नाही.

सोडा अल्कधर्मी असतो आणि फॉस्मेटसारखी औषधे अल्कधर्मी पाण्यात लवकर विघटित होतात. सगळीच औषधे तशी नसतात. व्हिनेगर आम्लधर्मी असल्याने त्यात हा फायदा मिळत नाही. मिठाच्या पाण्याने फ्लॉवरमधल्या अळ्या बाहेर येतात, म्हणून त्यावर विश्वास बसला. पण अळी निघणे वेगळे आणि औषध निघणे वेगळे.

पालेभाजीची अडचण आणखी मोठी आहे. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे रसाबरोबर पानापानांत पोहोचतात. पानाच्या आत असलेले औषध बाहेरून धुऊन जाणार कसे? शिवाय पालेभाजीला सोलून टाकावी अशी सालही नसते.

म्हणून घरात करण्याजोगे थोडकेच आहे. जुडी सोडून पाने सुटी करावीत, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत आणि मुळाकडची माती काढून टाकावी. सफरचंदाला हवे तर सोडा वापरावा, नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे. साबण वापरू नये. द्राक्षांवरचा पांढुरका थर बहुधा नैसर्गिक मेणाचा असतो. तो दिसला म्हणून घाबरू नये आणि गेला म्हणून निर्धास्तही होऊ नये.

खरा उपाय शेतातच होतो. प्रत्येक औषधाला फवारणी आणि काढणी यांमधला प्रतीक्षा कालावधी ठरलेला असतो. तो पाळला तर औषधाचा अंश आपोआप घटतो. युरोपला जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षांची नोंदणी बागेपासून होते आणि प्रयोगशाळेत अंश तपासल्याशिवाय ती जहाजावर चढत नाहीत. म्हणजे व्यवस्था उभी करता येते, हे सिद्ध झालेले आहे. मंडईतल्या मेथीच्या जुडीला मात्र तसा कागद नसतो. बाजार समित्यांमध्ये नियमित नमुने तपासून निकाल जाहीर करणे ही सरकारची जबाबदारी आहे. ती गृहिणीच्या पातेल्यावर ढकलणे योग्य नाही.