अर्ज धाडण्यापूर्वी फेसबुक परक्याच्या नजरेने पाहा

मागच्या रविवारी सकाळी वस्तीतला एक तरुण जयभीम करून आमच्यासमोर बसला. बी.कॉम. झालेला मुलगा. वडील सफाई खात्यात, आई चार घरची कामे करते. एका खाजगी फायनान्स कंपनीत जागा निघाली होती, आणि हल्ली मुलाखतीला बोलावण्यापूर्वी काही ठिकाणी उमेदवाराचे फेसबुक उघडून पाहतात, असे त्याच्या कानावर आले होते. "काका, मी सगळं साफ केलंय. तुम्ही फक्त एकदा नजर टाका," तो म्हणाला.

साफ केले होते हे खरे, पण फक्त आपल्या घरातले. त्याने आपल्या प्रोफाईलवरील तीन टिंबे दाबून View as उघडले होते. अनोळखी माणसाला आपले पान कसे दिसते ते तेथे कळते. मग सेटिंगमध्ये Limit past posts हे बटण दाबले होते. त्यामुळे पूर्वी जगजाहीर टाकलेल्या आपल्या सर्व पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या होतात. हे काम उत्तम, मात्र ते एका झटक्यात मागे फिरवता येत नाही, हे ध्यानात असू द्यावे. एखादी पोस्ट पुन्हा सर्वांना दाखवायची तर ती एकेक करून बदलावी लागते.

पण माणूस दुसऱ्याच्या ओट्यावर बसून जे बोलतो, ते त्याच्या घरच्या झाडूने निघत नाही. वर्तमानपत्राच्या किंवा वाहिनीच्या पानावर आपण लिहिलेली कॉमेंट त्या पानाच्या मर्जीने सर्वांना दिसते. ती View as मध्ये येत नाही आणि Limit past posts ने झाकलीही जात नाही. म्हणून आम्ही त्याला तीन टिंबांतूनच Activity log उघडायला लावले आणि त्यातील Comments वर गेलो. जुलै 2019 मध्ये विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत न्यूझीलंडकडून हरला, त्या रात्री या पठ्ठ्याने एका बातमीखाली खेळाडूंच्या आईबहिणी काढल्या होत्या. खाली पूर्ण नाव, शेजारी फोटो. वाचून त्याचे कान लाल झाले. अशा अकरा निघाल्या. एकेक उघडून पुसल्या.

त्याहून अवघड प्रकरण फोटोचे निघाले. मित्राने आपल्या वाढदिवशी तलवारीने केक कापला होता, शेजारी आमचा हा, आणि मित्राने त्याला टॅग केलेले. अशा केकपायी शस्त्र कायद्याखाली गुन्हे नोंदले गेले आहेत, तेव्हा ही नुसती मौज समजू नये. Remove tag दाबले की आपले नाव त्या फोटोवरून सुटते, पण फोटो मित्राच्या पानावर राहतोच. तो मित्रानेच काढायला हवा. पुढे कुणी टॅग केल्यास आपल्याला विचारल्यावाचून ते आपल्या पानावर येऊ नये, अशी सोयही सेटिंगमध्ये आहे. ती चालू केली.

इतक्यात त्याची आई आली. म्हणाली, "जयंतीचे, दीक्षाभूमीचे फोटो पण काढून टाक रे. उगाच कुणाच्या डोळ्यात सलायला नको." तिचे भय खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. आडनाव पाहून कपाळाला आठ्या घालणारे आहेतच. पण आडनाव अर्जावर असते, दाखल्यावर असते, ते कुठे लपवणार? मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन उभे राहणे ही लाजेची गोष्ट नव्हे, शिवी ही आहे. आम्ही ताईंना एवढेच सांगितले आणि निर्णय मुलावर सोडला. त्याने फोटो ठेवले.

उरले दोन किरकोळ प्रकार. मोबाईलच्या ब्राउझरची गुप्त खिडकी उघडून, म्हणजे आपल्या खात्यात प्रवेश न करता, गुगलवर आपले नाव अवतरणचिन्हांत आणि पुढे गावाचे नाव टाकून पाहिले. मराठीत एकदा, इंग्रजीत एकदा. पुसलेली गोष्ट गुगलवर काही दिवस रेंगाळू शकते, म्हणून हे अर्जाच्या आदल्या रात्री करण्याचे काम नव्हे. कुणी आधीच स्क्रीनशॉट काढला असेल तर तोही आपल्या हातात नाही. दुसरे व्हॉट्सॲप. अर्जात आपण मोबाईल नंबर देतो. तो कुणीही आपल्या फोनमध्ये साठवला आणि आपला डीपी सर्वांसाठी खुला असेल, तर त्याला तो दिसतो. याचा डीपी गॉगल लावून सिगारेट ओढणाऱ्या नटाचा होता. तो तिथल्या तिथे बदलला.

तलवारीसाठी मित्राला फोन केला. तो आधी हसला, मग रुसला. गुरुवारी त्याने फोटो काढला आणि शुक्रवारी अर्ज गेला.