लाडवाआधी पाणी

उचगावात पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारी मुलं-मुली भेटतात. "थंडीत तहानच लागत नाही, ताई," म्हणतात. तहान लागत नसली तरी श्वासातून, स्वेटरखालच्या घामातून आणि थंडीत वाढणाऱ्या लघवीतून पाणी जातंच. मग डोकं दुखतं, लघवी गडद पिवळी होते. म्हणून धावण्याआधी एक पेला कोमट पाणी प्या, आल्यावर दोन. लघवी फिकट पिवळी झाली की पाणी पुरेसं झालं. मग तीळ, शेंगदाणे आणि गुळाचा एक लाडू खा. महागडे बदाम हवेतच असं नाही. मात्र गूळही साखरच, मधुमेह असलेल्यांनी जपावं. आणि संडास लांब म्हणून मुली पाणी टाळत असतील, तर दोष त्यांचा नाही. जवळ संडास आपण मागायलाच हवा.