शब्दांची कुळकथा : 'अकबर' म्हणजे किती मोठा?

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनींचें पत्र आलें. त्यांचे धाकटे दीर नोकरीनिमित्त मस्कतला असतात आणि संध्याकाळच्या वर्गांत अरबी शिकतात. तुलनेचीं तीन वाक्यें लिहावयास सांगितलीं होतीं, तिन्हीं चुकलीं. वहीच्या पानाचें छायाचित्र फोनवरून घरीं आलें आणि रात्रीच्या पंगतींत वादाला तोंड फुटलें. मामंजींचें सारें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलेलें. त्यांनीं तेथल्या तेथें निकाल दिला कीं, विशेष्य स्त्रीलिंगी असेल तर विशेषण स्त्रीलिंगीच हवें, सबब धाकट्याचें निदान पहिलें वाक्य शुद्ध आहे आणि चूक असलीच तर ती शिकविणाराची. दिरांची परीक्षा जवळ आली आहे, कचेरींतली बढती तिच्यावर अवलंबून आहे. तेव्हां खरें काय तें सांगा, असें भगिनी लिहितात.

तीं तीन वाक्यें अशीं. 'जैनब हसनपेक्षां उंच आहे' याकरितां दिरांनीं लिहिलें : जैनब तूला मिन् हसन. 'जैनब सर्वांत उंच मुलगी आहे' याकरितां : जैनब अल्-अत्वल मिन् अल्-बनात. आणि 'थोरली बहीण' याकरितां : अल्-उख्त अल्-अकबर. तिन्हींवर तांबडी रेघ आहे आणि ती तिन्हीं ठिकाणीं योग्य आहे. मामंजींची क्षमा मागून मीं हें लिहितों. कारण चूक झाली आहे ती अज्ञानानें नव्हे, संस्कृताच्या आणि मराठीच्या चांगल्या संवयीनें झाली आहे.

अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूपासून घडतो. क-ब-र या धातूपासून 'कबीर', म्हणजे मोठा. आपल्या संत कबीराचें नांव तें हेंच. याच तीन व्यंजनांच्या आरंभीं 'अ' लाविला, पहिलें व्यंजन स्वरहीन केलें आणि दुसऱ्यावर 'अ' ठेविला, कीं 'अक्बर' होतें. आपण तें 'अकबर' असें उच्चारतों. तवील म्हणजे उंच, लांब, त्याचें अत्वल. सगीर म्हणजे लहान, त्याचें असगर. तेथील वैयाकरण नमुन्यासाठीं फ-अ-ल हा 'करणें' या अर्थाचा धातु घेतात, म्हणून या साच्याला 'अफ्अल' म्हणतात. अफजलखानाचें नांव याच साच्यांतलें. त्याचा अर्थ 'अधिक गुणी'. १६५९ सालीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं काय झालें तें लक्षांत घेतां या नांवाविषयीं वाचक काय म्हणतील तें म्हणोत. 'अदना शिपाई' म्हणतांना आपण जो 'अदना' वापरतों तोहि याच जातीचा. मूळ अर्थ 'अधिक खालचा'. आपण तो नुसता 'क्षुद्र' या अर्थानें घेतला आणि त्यांतली तुलना हरवून बसलों.

आतां गंमत अशी कीं, संस्कृतांत 'तर' आणि 'तम' हीं दोन वेगळीं पायऱ्यांचीं चिन्हें आहेत. अरबींत साचा एकच. 'अधिक मोठा' हि अकबर आणि 'सर्वांत मोठा' हि अकबर. कोणता अर्थ घ्यावयाचा हें त्या शब्दाच्या अंगावर लिहिलेलें नसतें, तें त्याच्या शेजाऱ्यावरून ओळखावें लागतें.

पहिला शेजारी 'मिन्'. मिन् म्हणजे 'पासून, हून'. मक्केहून आला यांतला 'हून' आणि मक्केहून मोठें यांतला 'हून' मराठींत एकच आहे. अरबींतहि दोन्ही ठिकाणीं मिन् च येतें. संस्कृतांतली पंचमी हेंच काम करिते. ज्याच्याशीं तुलना करावयाची त्याच्यापासून निघून पुढें जावयाचें, ही कल्पना तिन्हीं भाषांत आढळते, हें पाहून मौज वाटते. पण येथेंच वाट फुटते. मराठींत 'ताई दादाहून मोठी' आणि 'दादा ताईहून मोठा'. संस्कृतांतहि लघीयान् आणि लघीयसी. अरबींत मात्र मिन् पुढें आलें कीं अफ्अल रूप गोठतें. पुरुष असो, स्त्री असो, दोघे असोत वा शंभर असोत, रूप पुल्लिंगी एकवचनीच राहतें. म्हणून शुद्ध वाक्य : जैनब अत्वल मिन् हसन. 'तूला' हें अत्वलचें स्त्रीलिंग खरें, पण मिन् च्या शेजारीं त्याला जागा नाहीं. दिरांनीं जैनबचें लिंग पाहिलें, शेजारी पाहिला नाहीं.

पहिल्या वाक्यावर रेघ बसली म्हणून घाबरून त्यांनीं तिसऱ्या वाक्यांत 'अकबर' तसेंच ठेविलें असावें, असा माझा तर्क आहे. आणि तेथें तें बदलावयास हवें होतें! कारण तेथें शेजारी निराळा आहे. 'अल्' हें अरबीचें निश्चयवाचक उपपद. तें नामाला लागलें आणि विशेषणालाहि लागलें, म्हणजे 'ती अमुकच' असा निश्चय झाला, तुलना संपली, आणि शब्द साधारण विशेषणासारखा वागूं लागला. मग तो नामाचें लिंगवचन घेतो. अकबरचें स्त्रीलिंग कुब्रा, असगरचें सुग्रा, अह्सनचें हुस्ना. म्हणून थोरली बहीण ती 'अल्-उख्त अल्-कुब्रा'. मुसलमान घरांतून कुब्रा आणि सुग्रा हीं मुलींचीं नांवें ऐकूं येतात, तीं 'थोरली' आणि 'धाकटी' या अर्थाचींच आहेत.

या नियमाचा एक भंग आपल्याच दप्तरांत पडून आहे. मराठी जुन्या पत्रांवर तारखेपुढें 'जमादिलावल' हा महिना वाचकांनीं पाहिला असेल. 'अव्वल' हा शब्दहि याच साच्यांतला मानतात. त्याचें स्त्रीलिंग 'ऊला'. अरबींत जुमादा हें महिन्याचें नांव स्त्रीलिंगी आहे, म्हणून अरब लोक 'जुमादा अल्-ऊला' म्हणतात. रबी हा महिना पुल्लिंगी, म्हणून 'रबी अल्-अव्वल', म्हणजे आपला रबिलावल, तो बिनचूक आहे. पण फारसी भाषेला लिंगभेदच ठाऊक नाहीं. तिच्या हातून हीं नांवें इकडे आलीं तेव्हां जुमादाच्याहि गळ्यांत अव्वलच पडला. आपल्या कारकुनांनीं जसें ऐकलें तसें मोडींत उतरलें. त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं.

राहिलें मधलें वाक्य. 'जैनब अल्-अत्वल मिन् अल्-बनात' यांत दोन शेजारी एकाच वेळीं बोलावले आहेत. 'अल्' ने निश्चय झाल्यावर 'पेक्षां' या अर्थाचें मिन् पुढें येऊंच शकत नाहीं. 'तीच ती सर्वांत उंच' असें म्हटल्यावर पुन्हां 'अमक्यापेक्षां' म्हणण्यासारखें तें होतें. 'सर्वांत' ही कल्पना अरबींत बहुधा तिसऱ्याच रीतीनें सांगतात. अफ्अल शब्दाला अल् लावीत नाहींत, मिन् हि लावीत नाहींत; त्याच्यापुढें नाम षष्ठींत ठेवितात. हें नाम दोन प्रकारें येतें. एक, निश्चित अनेकवचन : 'अत्वल अल्-बनात', शब्दशः 'मुलींची सर्वांत उंच'. दुसरा प्रकार आपल्याला विचित्र वाटेल. त्यांत नाम एकवचनी आणि अनिश्चित असतें : 'अत्वल बिन्त'. एकच मुलगी, तिच्यांत सर्वांत उंच कोण, असें विद्यार्थी विचारतात. त्याचा भाव असा कीं, मुलगी मुलगी म्हणून एक एक घेत गेलें तर जिच्यावर येऊन थांबावें ती ही. आणि नाम स्त्रीलिंगी असलें तरी येथेंहि 'अत्वल' च. पहिल्या प्रकारांत लिंगाप्रमाणें 'तूला' करण्याची मुभा आहे, पण परीक्षेस बसणारानें ती घेऊं नये; गोठलेलें रूप दोन्हीकडे चालतें आणि चुकत नाहीं.

सावध मात्र एका ठिकाणीं राहावें. अह्मर म्हणजे तांबडा, अस्वद म्हणजे काळा. साचा तोच दिसतो, पण हे 'अधिक तांबडा, अधिक काळा' नव्हेत. रंगांचीं साधीं विशेषणेंच या साच्यांत पडतात. ओळख स्त्रीलिंगावरून पटते : कुब्राप्रमाणें 'हुम्रा' न होतां तें 'हम्रा' होतें. स्पेनांतील ग्रानाडा येथला अल्-हम्रा राजवाडा म्हणजे 'तांबडी' वास्तु. मग 'अधिक तांबडा' कसें म्हणावें? साचा आधींच अडविला गेल्यामुळें दुसरा शब्द उसना घ्यावा लागतो : 'अशद्द हुम्रतन्', म्हणजे 'तांबडेपणानें अधिक तीव्र'. अशद्द हें शदीदचें अफ्अल रूप. त्यांत दोन 'द' शेजारीं आले म्हणून 'अश्दद' न होतां ते जोडले गेले. पुढें मिन् यावयाचें तें आपल्या नियमाप्रमाणें येतेंच.

आतां मथळ्यांतला प्रश्न. भगिनींनीं विचारलें आहे कीं, 'अल्लाहु अकबर' याचा अर्थ कोणी 'ईश्वर मोठा आहे' देतात, कोणी 'सर्वांत मोठा', खरा कोणता? येथें अल् नाहीं, षष्ठीचें नाम नाहीं. तेव्हां रूप 'अधिक मोठा' चेंच आहे आणि मिन् अध्याहृत आहे. कशाहून मोठा तें न सांगितल्यामुळें 'कशाहूनहि' असा अर्थ निघतो आणि फलतः तो 'सर्वांत मोठा' पर्यंत जाऊन पोहोंचतो. नुसतें 'मोठा' म्हणावयाचें असतें तर शब्द 'कबीर' आला असता.

शेजारी नसला म्हणजे अफ्अल रूप किती मोकाट सुटतें याची एक गोष्ट बदाऊनीनें लिहून ठेविली आहे. इसवी सन १५७५-७६ च्या सुमारास अकबर बादशहानें दरबारांत विचारलें कीं, शिक्क्यावर आणि नाण्यांवर 'अल्लाहु अकबर' कोरविलें तर कसें? बहुतेकांनीं माना डोलविल्या. हाजी इब्राहीम मात्र म्हणाला कीं, वाक्य संदिग्ध आहे. अरबींत 'आहे' हें क्रियापद लिहीत नाहींत. त्यामुळें अकबर हें तुलनेचें रूप मानलें तर 'ईश्वर अधिक मोठा', आणि विशेषनाम मानलें तर 'अकबर ईश्वर आहे' असेंहि वाचतां येतें! ईश्वराचें नव्हे तर ईश्वराच्या स्मरणाचें मोठेपण सांगणारें कुराणांतलें वचन त्यानें सुचविलें. त्यांतहि शेवटीं अकबर आहेच, पण स्मरण म्हणजे अकबर बादशहा असें कोणी म्हणणार नाहीं. बादशहाला तें रुचलें नाहीं. दुबळा मनुष्य ईश्वरपणाचा दावा कसा करील, आपण शब्दांची जुळणी तेवढी पाहिली, असें त्यानें उत्तर दिलें. त्याच्या मनांत काय होतें याचा निवाडा व्याकरणानें होण्यासारखा नाहीं. पण हाजीची शंका व्याकरणाच्या दृष्टीनें सोळा आणे खरी होती.

पत्राच्या ताज्या कलमांत 'अख्तर' हें नांवहि याच साच्यांतलें का, असें धाकट्या पुतणीनें विचारलें आहे. नाहीं. तो शब्द फारसी आहे, अर्थ तारा.