घाटात अर्धाच रस्ता आपला

मीरा रोडची आमची पोरं बाइकवर आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जातात. रेसच्या ट्रॅकवर रस्त्याची अख्खी रुंदी वापरून वळण सरळ करतात, तेच यांना घाटात करायचं असतं. मला ते साफ अमान्य आहे. घाटात आपला असतो तो डावीकडचा अर्धा रस्ता.

पोलादपूरकडे उतरताना उजवं वळण आलं की आतून कापायचा मोह होतो. चाकं मधल्या रेषेच्या अलीकडे असली, तरी बाइक झुकली की डोकं आणि खांदा रेषेपलीकडे जातो. त्यात चढणाऱ्या एसटीला आतलं वळण घट्ट पडतं, ती आपल्या बाजूला येऊनच वळते. डावीकडे राहिलात तर ती लवकर दिसते, अलीकडेच थांबता येतं. डाव्या वळणात उलट होतं. घाईने आत शिरलात, तर बाहेर पडताना बाइक समोरच्या गाडीपुढे जाते.

ब्रेक वळणाआधी, बाइक सरळ उभी असताना लावायचा. तिथेच दुसरा गिअर, फार उतार असेल तर पहिला. झुकलेल्या टायरची पकड वळण्यातच खर्च होत असते. ओल्या रस्त्यावर तेव्हा पुढचा ब्रेक दाबला, तर चाक सटकतं. वळणात ब्रेककडे बोटं गेलीच, तर पुढच्या वळणाला वेग आणखी आधी कमी करा.