औषध उलटले; पुन्हा द्यावे का?
तापासाठी पॅरासिटामॉल पाजले आणि मूल ओकले, की अनेक घरांत लगेच पुन्हा औषध पाजतात. आमच्या मते आधी घड्याळ पाहावे. आठला दिलेले औषध सव्वाआठला उलटले, तर ते बहुतेक बाहेर पडले असे समजावे. पोट शांत झाल्यावर तेवढाच डोस एकदा द्यावा आणि पुढचे तास तिथून मोजावेत. अर्धा तास होऊन गेला असेल, तर मात्र देऊ नये. तोवर औषध अंगात भिनू लागलेले असते. जादा डोस यकृताला घातक ठरू शकतो. दुसऱ्यांदाही उलटी झाली, तर तिसरा डोस न देता डॉक्टरांना विचारावे. फिट्सच्या किंवा हृदयाच्या औषधांबाबत आधीच विचारावे. मूल सुस्त पडले, लघवी थांबली, तर घाटी रुग्णालय गाठावे.