कोरड्या कागदावरचे घाट

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी चिपळूणजवळच्या परशुराम घाटात डोंगर कापला गेला आणि पावसाळ्यात दरडी खाली आल्या. अशा वेळी दोष पावसाला दिला जातो. पण कोकणात पाऊस पडणार, हे आराखडा करतानाही ठाऊक असते.

कापलेला उतार टिकेल का, हे सुरक्षा गुणांक सांगतो. माती धरून ठेवणाऱ्या बळाला तिला खाली ओढणाऱ्या बळाने भागले की तो मिळतो. तो एकाच्या खाली गेला की उतार घसरतो. दोन मीटर आडवा आणि एक मीटर उभा असा उतार घेऊ. सुट्या मातीचा घर्षणकोन ३५ अंश असेल, तर कोरड्या स्थितीत गुणांक १.४ येतो. तीच माती पृष्ठभागापर्यंत पाण्याने भरली आणि पाणी उताराच्या दिशेने झिरपू लागले, की पाण्याच्या दाबाने कणांची एकमेकांवरची पकड सैल होते. गुणांक ०.७ वर येतो, म्हणजे निम्मा. चिकट मातीला जास्त आधार असतो, पण भिजल्यावर तोही घटतो.

म्हणून हिशेब भिजलेल्या उताराचाच हवा. माथ्यावरचे गटार आणि संरक्षक भिंतीतली पाणी निघण्याची भोके ही शोभेची कामे नव्हेत. गुणांक त्यांच्यावरच उभा असतो. गटार बुजले की आराखड्यातला आकडा खोटा ठरतो. माथ्यावर भेगा पडल्या, झाडे कलली, झिरपणारे पाणी गढूळ झाले, तर दरडीची वाट न पाहता वाहतूक थांबवावी.