क्लिक जास्त, म्हणून जाहिरात चांगली?
एकाच जाहिरातीच्या दोन डिझाइनपैकी कोणते निवडायचे, हे आकड्यांनी कधी ठरवावे आणि नजरेने कधी?

भोसरी किंवा चाकणमधल्या वर्कशॉपला सीएनसी ऑपरेटर हवा असला, की पूर्वी गेटवर पाटी लागायची. आता तीच पाटी मोबाइलवर लागते. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर थोडे पैसे भरून जाहिरात सोडली जाते आणि तिथेच वाद सुरू होतो. डिझायनरने दोन नमुने दिलेले असतात. मालकाला एक आवडतो, एचआरला दुसरा. शेवटी ज्याचा शब्द मोठा, त्याचे डिझाइन जाते. दोन्ही चालवून पाहणे आज स्वस्त आणि सोपे असताना असे का व्हावे?

आवड चुकते, त्याचे गाजलेले उदाहरण

डिसेंबर 2007 मध्ये बराक ओबामांच्या प्रचार मोहिमेने आपल्या वेबसाइटच्या पहिल्या पानाची अशीच चाचणी घेतली. चार प्रकारची बटणे आणि सहा प्रकारचे फोटो-व्हिडिओ मिळून 24 जोड्या तयार झाल्या. 3,10,382 लोकांमध्ये त्या वाटून दाखवल्या गेल्या. मोहिमेतल्या माणसांची पसंती एका व्हिडिओला होती. प्रत्यक्षात सगळे व्हिडिओ सगळ्या फोटोंपेक्षा मागे पडले. ओबामांचा कुटुंबासोबतचा साधा फोटो आणि ‘अधिक जाणून घ्या’ अशा अर्थाचे बटण ही जोडी जिंकली. मूळ पानावर 8.26 टक्के लोक नाव नोंदवत होते, या जोडीवर 11.6 टक्के.

इथे आवडीने आकड्यापुढे माघार घेणेच योग्य होते. त्याचे एक कारण म्हणजे प्रत्येक जोडी सुमारे 13 हजार लोकांनी पाहिली होती. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. मोजले गेले ते नाव नोंदवणे. मोहिमेला हवे होते तेच.

दोन दिवसांच्या आकड्यांवर विश्वास ठेवावा का?

समजा, चाकणच्या एका वर्कशॉपने दोन जाहिराती सोडल्या. पहिलीत मशीनचा स्वच्छ फोटो, खाली नीटस अक्षरांत पगार आणि ‘2 वर्षांचा अनुभव आवश्यक’ ही अट. दुसरी पिवळ्या पट्टीची, ‘पगार 25,000’ एवढेच ठळक. मालकाला दुसरी भडक वाटते.

दोन दिवसांत दोन्ही जाहिराती प्रत्येकी 1,000 वेळा दाखवल्या गेल्या. पहिलीला 9 क्लिक, दुसरीला 14. टक्केवारीत मांडले तर दुसरी सुमारे 56 टक्क्यांनी पुढे. मात्र हा फरक अवघ्या 5 बोटांचा आहे.

यासाठी एक ढोबळ हिशेब उपयोगी पडतो. दोन्ही जाहिराती सारख्याच वेळा दाखवल्या असतील, तर एकूण क्लिकचे वर्गमूळ काढायचे आणि दुप्पट करायचे. दोघींतला फरक त्याहून मोठा असेल, तरच तो योगायोग नसावा असे मानायचे. इथे 23 चे वर्गमूळ साधारण 4.8, दुप्पट 9.6. फरक 5 चाच आहे, म्हणजे निकाल लागलेला नाही. या टप्प्यावर मालकाने आपल्या नजरेने निवड केली, तर त्यात काही गैर नाही.

आता दोन्ही जाहिराती 20,000 वेळा दाखवल्या गेल्या आणि क्लिक झाले 180 आणि 280. प्रमाण तेच, पण आता फरक 100 चा आहे. 460 चे वर्गमूळ साधारण 21.4, दुप्पट सुमारे 43. दुसरी जाहिरात जास्त बोटे खेचते, हे आता मान्य करावे लागते, ती कितीही भडक वाटो.

तुलना सारखी होती का?

पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. एक जाहिरात बुधवारी आणि दुसरी गुरुवारी चालवली, तर डिझाइनची परीक्षा होतच नाही. कामगाराला फोन पाहायला किती वेळ मिळाला, एवढेच मोजले जाते. दोन्ही एकाच वेळी आणि किमान पूर्ण आठवडाभर चालायला हव्यात, म्हणजे सगळ्या शिफ्ट आणि सुटीचा दिवस दोघींच्या वाट्याला येतो.

दुसरा घोळ यंत्रणाच करते. एकाच संचात दोन जाहिराती टाकल्या, की मेटाची यंत्रणा सुरुवातीला बरी चाललेल्या जाहिरातीकडे पैसे वळवते. मग एक 18,000 वेळा दिसते, दुसरी 2,000 वेळा, आणि वरचा वर्गमुळाचा हिशेबही लागू पडत नाही. त्यासाठी तिथेच ‘ए/बी टेस्ट’ची वेगळी सोय आहे. तीत लोकांचे गट वेगळे केले जातात आणि एका माणसाला एकच नमुना दिसतो.

क्लिक खरे, तरी निर्णय चुकतो

आपल्या वर्कशॉपकडे परत येऊ. 180 क्लिकमधून 27 पात्र अर्ज आले, 280 मधून 28. शंभर क्लिक जास्त मिळाले आणि अर्ज वाढला एक. पैसे क्लिकमागे मोजले जात असतील आणि एका क्लिकला 8 रुपये पडत असतील, तर पहिल्या जाहिरातीचा एक अर्ज सुमारे 53 रुपयांना पडला आणि दुसरीचा 80 रुपयांना. पैसे जाहिरात दाखवण्यामागे मोजले जात असतील, तर खर्चात फरक नाही. मात्र अनुभव नसलेल्यांचे फोन उचलण्यात एचआरचा वेळ जातो, तो वेगळाच.

कारण डोळ्यांसमोर होते. पिवळ्या जाहिरातीत अनुभवाची अट नव्हती, त्यामुळे आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडलेली मुलेही पगार पाहून आत आली. हे आकड्याने सांगितले नाही, जाहिरात पाहणाऱ्या नजरेने ओळखले. काय घडले ते आकडा सांगतो. का घडले याचा अंदाज नजरच बांधते आणि पुढचा नमुनाही तीच सुचवते: पिवळ्या पट्टीची ठळक अक्षरे आणि त्यातच अनुभवाची अट. या तिसऱ्या नमुन्याची पुन्हा चाचणी घ्यायची.

नजरेने कुठे अडून बसावे?

एका ठिकाणी आकडा कितीही मोठा असला तरी ऐकू नये. ते 25,000 ओव्हरटाइम धरून असतील आणि जाहिरातीत तसे लिहिले नसेल, तर क्लिक भरपूर मिळतील. मुलाखतीला आलेला ऑपरेटर मात्र खरा पगार ऐकून निघून जाईल आणि रूमवरच्या चार जणांना सांगेल. ते नुकसान क्लिकच्या तक्त्यात कधीच दिसत नाही.

रंग, फोटो, अक्षरांचा आकार, बटणावरचे शब्द यांवर मात्र मालकाने किंवा डिझायनरने हट्ट धरण्यात अर्थ नाही. मोबाइल पाहणारा कामगार त्या दोघांच्याही नजरेने पाहत नाही. म्हणून चाचणी सुरू करण्याआधीच तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: मोजायचे काय, किती दिवस चालवायचे आणि किती फरक पडला तर निकाल मानायचा. निकाल पाहून नियम ठरवले, तर ज्याला जे आवडते त्याच्या बाजूचा आकडा सापडतोच.